शॉटमधून चालत जाणारा माणूस कसा पुसायचा

वाईच्या गणपती घाटावर मावसबहिणीचा एक छोटा व्हिडिओ काढला होता. ती खालच्या पायरीवर बसलेली, मागे दगडी पायऱ्या, सकाळचं तिरकं ऊन. फोन हातात धरून डावीकडून उजवीकडे हळूच फिरवलेला सात सेकंदांचा शॉट. नेमका त्याच वेळी देवळाच्या भिंतीआडून बंडी घातलेला एक माणूस पिवळा कॅन घेऊन आला, तिच्या मागून वरच्या पायरीवरून चालत गेला आणि पाराआड दिसेनासा झाला. त्या पाराशेजारी कुणाची तरी स्कूटरही लावलेली होती. दोन्ही काढायचं ठरवलं. माणूस दीड दिवसात निघाला. स्कूटर मात्र ज्या पद्धतीने माणूस निघाला त्या पद्धतीने निघालीच नाही. असं का झालं, हे कळलं की या कामातलं निम्मं कळलं.

व्हिडिओ इनपेंटिंग म्हणजे फ्रेममधला ठरावीक भाग खोडून तिथे मागचं दृश्य भरणं. हे मागचं दृश्य येतं दोन ठिकाणांहून. एक, शेजारच्या फ्रेममधून: माणूस पुढे सरकला की त्याच्या मागची पायरी उघडी पडते, आणि सॉफ्टवेअर तिथले खरे पिक्सेल उचलून आधीच्या फ्रेममध्ये नेऊन बसवतं. दुसरं, अंदाजाने: जी जागा एकाही फ्रेममध्ये दिसत नाही, तिथे आजूबाजूला बघून मॉडेल काहीतरी रचतं. पहिल्या प्रकारात निकाल जवळजवळ खरा असतो. दुसऱ्यात नशीब असतं.

माझा माणूस चालत होता, त्यामुळे त्याच्या मागची प्रत्येक पायरी कधी ना कधी दिसली. स्कूटर जागची हलली नाही आणि मी फोन नुसता फिरवला, स्वतः बाजूला सरकलो नाही, म्हणून तिच्या मागचा दगड सातही सेकंदांत एकदाही दिसला नाही.

तेव्हा काहीही इन्स्टॉल करण्याआधी शॉट तीन-चार वेळा पुढे-मागे करून बघा. नको असलेल्या गोष्टीच्या मागची जागा दुसऱ्या कुठल्या फ्रेममध्ये दिसते का? त्या गोष्टीची सावली किंवा प्रतिबिंब कुठे पडलंय? आणि आपल्या मुख्य व्यक्तीच्या अंगावरून किंवा मागून ती गोष्ट जाते का? ही उत्तरं कागदावर फ्रेम नंबरसकट लिहून ठेवा. माझ्या कागदावर होतं: माणूस फ्रेम ४० ते १६०, सावली पूर्ण वेळ दोन पायऱ्या खाली, ८५ ते १०५ बहिणीच्या वेणीमागून.

एक आडवाट आधीच सांगतो. कॅमेरा ट्रायपॉडवर अगदी स्थिर असेल आणि माणसं नुसती ये-जा करत असतील, तर मॉडेलची गरजच नाही. प्रत्येक पिक्सेलची बऱ्याच फ्रेममधली मधली किंमत घेतली की येणारे-जाणारे आपोआप गळतात, कारण कुठल्याही एका जागी ते थोडाच वेळ असतात. कमांडने चालणाऱ्या एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये `tmedian` नावाचं फिल्टर हेच करतं. त्यातून मोकळ्या घाटाची एक फ्रेम मिळवायची आणि माणूस जातो तेवढ्या पट्ट्यात ती मूळ शॉटवर ठेवायची. शॉट हातात धरून घेतला असेल तर मात्र हे चालत नाही, सगळं धुरकट होतं.

आता मुख्य वाट. मी प्रोपेंटर वापरतो. सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये ते मांडलं आणि कोड खुला ठेवला. ते आधी फ्रेम-फ्रेममधली हालचाल मोजतं, खोडलेल्या भागातली हालचाल कशी असती ते भरून काढतं, मग त्या हालचालीच्या दिशेने खरे पिक्सेल ओढून आणतं, आणि उरलेल्या भोकांत स्वतःचं रचतं. त्याचा परवाना बिगरव्यावसायिक वापरापुरता आहे, त्यामुळे लग्नाच्या ऑर्डरसाठी पैसे घेऊन काम करत असाल तर ते चालणार नाही. तिथे आफ्टर इफेक्ट्समधलं कंटेंट-अवेअर फिल किंवा दाविंची रिझॉल्व्हच्या विकतच्या स्टुडिओ आवृत्तीतलं ऑब्जेक्ट रिमूव्हल बघा. बटणं वेगळी असली तरी पुढचं सगळं तिथेही लागू पडतं.

पहिलं काम फ्रेम सुट्या करणं. फोनचे व्हिडिओ बऱ्याचदा बदलत्या फ्रेम रेटचे असतात: सेकंदाला कधी २९, कधी ३० फ्रेम. तसंच ठेवलं तर पुढे मास्क आणि चित्र एकमेकांपासून सरकतं. म्हणून सुरुवातीलाच ठरावीक रेट करून घ्यायचा. मेमरी वाचवायला लोक अख्खी फ्रेम लहान करतात, ते मला पटत नाही, कारण मग भरलेला तुकडा मूळ चित्रापेक्षा मऊ दिसतो. त्याऐवजी माणूस ज्या भागात फिरतो तेवढीच खिडकी पूर्ण आकारात कापून घ्या. माझा व्हिडिओ १९२० × १०८० होता आणि माणूस सावलीसकट ९६० × ४८० च्या चौकटीत मावत होता.

```
mkdir orig win jpg mask
ffmpeg -i ghat.mp4 -vf fps=30 -start_number 0 orig/%04d.png
ffmpeg -i orig/%04d.png -vf crop=960:480:520:240 -start_number 0 win/%04d.png
ffmpeg -i win/%04d.png -q:v 2 -start_number 0 jpg/%05d.jpg
```

खिडकीची रुंदी आणि उंची ८ ने भाग जाणारी ठेवा. ५२० आणि २४० हे तिच्या डाव्या-वरच्या कोपऱ्याचे आकडे आहेत. ते लिहून ठेवा, शेवटी लागतील. आणि खिडकी कापताना माणसाला चिकटून कापू नका. पिक्सेल आणायचे कुठून, तर त्याच्या आजूबाजूच्याच जागेतून.

दुसरं काम मास्क, आणि खरा वेळ इथेच जातो. मास्क म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी एक काळं-पांढरं चित्र: पांढरं ते खोडायचं, काळं ते ठेवायचं. मेटाचं सॅम २ इथे फार कामाला येतं. माणूस पहिल्यांदा दिसतो त्या फ्रेमवर त्याच्यावर दोन-चार क्लिक केल्या की पुढच्या सगळ्या फ्रेममध्ये ते त्याचा माग काढतं. त्याला क्रमांक दिलेल्या जेपीजी फ्रेम लागतात, म्हणून वर `jpg` फोल्डर केलं. निघालेले मास्क मात्र `mask` फोल्डरमध्ये, `win` मधल्या फ्रेमच्याच नावांनी, पीएनजीमध्येच साठवा. जेपीजीमध्ये पांढऱ्याच्या कडेला राखाडी कचरा येतो.

सावलीचा मास्क वेगळा करा. सॅमला सावली ही ‘वस्तू’ म्हणून नीट पकडता येत नाही, मऊ कडेपाशी ते गडबडतं. मी सावलीचा ढोबळ चौकोनी आकार दर दहाव्या फ्रेमला हाताने काढला, मधल्या फ्रेम एडिटरने जुळवल्या, आणि मग दोन्ही मास्क एकत्र केले. सावलीचा आकार नेमका असायची गरज नाही, थोडा मोठा चालतो. लहान मात्र अजिबात चालत नाही.

सगळे मास्क तयार झाले की ते एकामागून एक डोळ्यांनी बघायचेच. १२१ फ्रेम बघायला पाच मिनिटं लागतात. मी पहिल्यांदा बघितल्या नाहीत, आणि त्याची शिक्षा अशी मिळाली. माणूस निघाला, पण पायरीवर पिवळसर डाग उमटला. एका जागी येऊन लांबत जायचा, मग विरायचा, जणू हळदीचा हात पुसलाय. मला वाटलं मॉडेलच बिघडलंय, सेटिंग बदलत बसलो. शेवटी मास्क उघडले तर फ्रेम ८७ आणि ८८ मध्ये सॅमच्या हातून कॅन सुटला होता. माणसाचा मास्क व्यवस्थित, पण कॅनचा निम्मा भाग काळा, म्हणजे ‘ठेवा’. मॉडेलच्या लेखी तो पिवळा रंग आता घाटाचाच भाग. त्याने तो खरा पिक्सेल समजून मागे-पुढे वीसेक फ्रेममध्ये इमानेइतबारे ओढून नेला. दोन फ्रेममध्ये कॅन रंगवून मास्क दुरुस्त केले आणि डाग गेला.

ही चूक ओळखायची खूण लक्षात ठेवा. भरलेल्या जागेत काढलेल्याच वस्तूचा रंग दिसला, आणि तो एका फ्रेमपाशी सर्वांत गडद होऊन दोन्ही बाजूंना फिका होत गेला, तर त्या गडद फ्रेमचा मास्क फुटलेला आहे. सेटिंगला हात लावू नका, मास्क उघडा.

वेणीचा प्रश्न वेगळा. माणूस बहिणीच्या मागून गेला तेव्हा त्याचा मास्क तिच्या केसांना टेकला. मास्क थोडा फुगवावा लागतोच, कारण चालत्या माणसाच्या कडा पुसट असतात. पण फुगवला की तो केसांत घुसतो आणि वेणीच्या कडेचे केस गायब होतात. उपाय असा, की बहिणीचाही मास्क सॅमने काढायचा, माणसाचा मास्क स्वतःच आधी फुगवून घ्यायचा आणि मग त्यातून बहिणीचा वजा करायचा. मग प्रोपेंटरला फुगवायला सांगायचं नाही, म्हणजे `--mask_dilation 0` द्यायचं. शेवटी सगळं जोडताना मूळ व्हिडिओतली बहीण तिच्याच मास्कने सर्वांत वर ठेवायची. सुटे भुरभुरणारे केस तरीही पूर्ण वाचत नाहीत. माझे तीन-चार गेले. तिच्या लक्षात आलं नाही.

तुमच्या शॉटमध्ये असा स्पर्श नसेल तर हे सगळं सोडा आणि सरळ चालवा:

```
python inference_propainter.py --video win --mask mask \
  --mask_dilation 8 --subvideo_length 50 \
  --fp16 --save_frames --save_fps 30
```

`--mask_dilation` हा फुगवटा पिक्सेलमध्ये. त्याची मूळ किंमत ४ आहे, ती फोनच्या हलत्या शॉटला कमी पडते. कमी पडल्याची खूण म्हणजे माणूस नाहीसा होतो, पण त्याच्या आकाराची एक बारीक चमकती रेघ चालत जाते. थांबवलेल्या फ्रेमवर ती दिसतही नाही. व्हिडिओ चालू केला की लगेच डोळ्यात भरते, म्हणून तपासणी नेहमी चालू व्हिडिओवर करा. ८ ते १२ च्या पुढे गेलात तर भरायची जागा वाढते आणि बारीक तपशील जातात.

`--subvideo_length` म्हणजे एका वेळी किती फ्रेम हातात घ्यायच्या. मेमरी बहुतेक इथेच ठरते. प्रोपेंटरच्या स्वतःच्या माहितीनुसार `--fp16` लावून ५० फ्रेमना ७२० × ४८० आकारात साधारण ७ जीबी लागतात, आणि १२८० × ७२० ला १९ जीबी. माझं ग्राफिक्स कार्ड १२ जीबीचं, म्हणून ५० वर थांबलो. आकडा अजून खाली आणला तर मेमरी वाचते, पण मॉडेलची नजर आखूड होते. माणूस दोन सेकंद एका जागी उभा राहिला आणि त्याच्या मागची पायरी सत्तर फ्रेमनंतर उघडी पडली, तर वीस-वीस फ्रेमच्या तुकड्यांत काम करणाऱ्याला ती दिसणारच कुठून? मग तो अंदाज मारतो. मेमरी कमी पडली तर आधी खिडकी लहान करा. हा आकडा सगळ्यात शेवटी कमी करा.

काम झालं की `results/win` मध्ये दोन व्हिडिओ आणि `frames` फोल्डर मिळतं. त्यातला `masked_in.mp4` आधी उघडा. मास्क चित्रावर रंगवून दाखवलेला असतो, त्यामुळे मास्क सरकलेत का ते एका नजरेत कळतं. निकालासाठी मात्र `inpaint_out.mp4` न घेता सुट्या फ्रेम घ्या, व्हिडिओ दाबलेला असतो.

आता हा तुकडा मूळ चित्रात परत बसवायचा. अख्खी खिडकी चिकटवू नका. फक्त मास्कपुरता भाग मऊ कडेने घ्या, बाकीचा घाट जसाच्या तसा राहू द्या.

```
ffmpeg -framerate 30 -i orig/%04d.png \
  -framerate 30 -i results/win/frames/%04d.png \
  -framerate 30 -i mask/%04d.png -filter_complex \
  "[2]format=gray,gblur=sigma=8,lut=c0='clip(val*8,0,255)'[m]; \
  [1][m]alphamerge[f];[0][f]overlay=520:240" \
  -c:v libx264 -crf 14 -pix_fmt yuv420p out.mp4
```

`gblur` नंतरचं `val*8` कशाला? मास्क नुसता धूसर केला तर त्याची कड आतल्या बाजूलाही विरघळते आणि काढलेल्या माणसाचा काठ अर्धवट परत दिसू लागतो. आठपट केल्याने मास्क आधी बाहेर फुगतो, माणसाचा पूर्ण भाग झाकला जातो, आणि मऊपणा फक्त बाहेरच्या अंगाला उरतो. तिथे भरलेलं चित्र आणि मूळ चित्र सारखंच असतं, त्यामुळे सांधा दिसत नाही. ज्या फ्रेममध्ये माणूस नाही तिथेही पूर्ण काळा मास्क असायलाच हवा, नाहीतर क्रमांक घसरतात. आवाज एडिटरमध्ये मूळ फाइलमधून लावून घ्या.

माणूस गेला, सावली गेली, आणि तरीही पाहणाऱ्याला ‘इथे काहीतरी केलंय’ असं वाटत असेल तर बहुधा दोनच कारणं असतात. पहिलं म्हणजे दाणे. फोनच्या चित्रात कायम बारीक दाण्यांची हालचाल असते आणि भरलेला भाग मात्र इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत असतो. एडिटरमध्ये फक्त त्या भागावर थोडं ग्रेन घाला. २०० टक्के मोठं करून शेजारच्या दगडाशी जुळेपर्यंतच, जास्त नको. दुसरं कारण उजेड. शॉट चालू असताना फोनने आपोआप एक्स्पोजर बदललं असेल, तर शंभराव्या फ्रेममधून आणलेला दगड साठाव्या फ्रेममध्ये उजळ दिसतो आणि तुकडा लुकलुकतो. यावर नंतर करण्याजोगं फार काही नाही. शूट करतानाच स्क्रीनवर बोट दाबून एक्स्पोजर लॉक केलेलं बरं.

पाण्याबद्दल वेगळं सांगायला हवं. त्याच दिवशी नदीच्या काठावरचा दुसरा एक शॉट होता, त्यात एकाचं प्रतिबिंब पाण्यात पडलं होतं. पद्धत तीच, मास्क बिनचूक, तरी निकाल वाईट. कारण पायरीचा दगड फ्रेम साठमध्ये आणि शंभरमध्ये एकच असतो, पाण्याची लाट तीच नसते. मॉडेल दुसऱ्या क्षणाची लाट आणून ठेवतं, आणि वाहत्या कृष्णेत एक गोठलेला तुकडा दिसतो. झाडाची हलती पानं, धूर, वाऱ्यावर उडणारा पडदा यांचंही असंच. अशा ठिकाणी मी मॉडेल सोडून त्याच शॉटमधला शेजारच्या पाण्याचा चालता तुकडाच उचलून मऊ कडेने वर ठेवतो. लाटा जुळत नाहीत, पण हलतात, आणि डोळ्याला तेवढं पुरतं.

राहिली स्कूटर. प्रोपेंटरने तिच्या जागी एक करडा लांबुळका लगदा ठेवला. पाराच्या दगडांच्या आडव्या सांध्या त्यात शिरताना सरळ होत्या आणि मध्यावर वितळल्या होत्या. मास्क बदलून, आकडे बदलून तीन वेळा चालवलं, दर वेळी लगद्याचा आकार तेवढा बदलला. साहजिक आहे, खरा पिक्सेल एकही नव्हता. शेवटी एकच फ्रेम घेतली, जीआयएमपीमध्ये क्लोन टूलने पाराच्या दुसऱ्या बाजूचे दगड तिथे उमटवले, सांध्या हाताने जुळवल्या. पाऊण तास गेला. तो रंगवलेला तुकडा मग एडिटरमध्ये पाराच्या कडेला ट्रॅक करून सात सेकंदभर चिकटवला. फोन जागच्या जागी फिरवला होता, त्यामुळे दगडांचं एकमेकांशी नातं बदलत नव्हतं आणि सपाट तुकडा खपून गेला. मी चालत चालत शूट केलं असतं तर हा तुकडा पाटीसारखा उठून दिसला असता. पण मग स्कूटरच्या मागचं थोडंफार दिसलंही असतं. आफ्टर इफेक्ट्समध्ये हीच युक्ती रेफरन्स फ्रेम म्हणून तयार मिळते: एक फ्रेम तुम्ही रंगवून द्यायची, बाकीच्या ते तिच्या आधाराने भरतं.

परवा पुन्हा वाईला गेलो तेव्हा शूट संपल्यावर त्याच जागी उभा राहून रिकाम्या घाटावरून फोन तसाच एकदा फिरवून आणला. दहा सेकंद लागले. स्कूटर होतीच, पण या वेळी मालकही होता. त्याला दोन मिनिटं ती बाजूला घ्यायला सांगितली.